पूल अर्धा, वर्ष पुरं: ठेक्यातला नफा कधी धरायचा?

ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्यारंभ आदेश मिळालेलं पुलाचं काम मार्च २०२५ मध्ये पुरं झालं, तर त्यातला नफा नेमका कोणत्या वर्षाचा? मधल्या काळात दोनदा ३१ मार्च येऊन गेला. दोनदा ताळेबंद झाला, दोनदा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं गेलं आणि कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेने दोनदा आकडे मागितले. पूल अर्धाच उभा होता, तरी प्रत्येक वेळी ‘या वर्षी किती कमावलं’ याचं उत्तर द्यावंच लागलं.

पुष्कळ ठेकेदारांच्या वह्यांत हे उत्तर फार सरळ असतं. वर्षात जेवढी बिलं निघाली तेवढं उत्पन्न, जेवढा पैसा गेला तेवढा खर्च, आणि उरेल तो नफा. ही पद्धत चुकीची आहे. बिल केव्हा निघतं हे कामावर कमी आणि खात्याकडे आलेल्या निधीवर जास्त ठरतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी आला तर त्या वर्षी भरमसाट नफा दिसतो, तो एप्रिलवर गेला तर त्याच कामात तोटा दिसतो. प्रत्यक्ष साइटवर त्या आठवड्यात काहीच बदललेलं नसतं.

पूर्वी दुसरी एक वाटही मोकळी होती: काम पूर्ण होईपर्यंत नफा धरायचाच नाही आणि शेवटच्या वर्षी सगळा एकदम दाखवायचा. १९८३ च्या मूळ लेखा मानक ७ मध्ये त्याला परवानगी होती. २००२ मध्ये हे मानक सुधारलं आणि १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या लेखावर्षांतल्या नव्या ठेक्यांसाठी ती वाट बंद झाली. तेव्हापासून ठेकेदाराने काम जसं पुढे सरकेल तसं उत्पन्न आणि नफा धरायचा. यालाच काम पूर्णत्वाच्या टक्केवारीची पद्धत म्हणतात. सूचिबद्ध कंपन्या आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्या इंड एएस ११५ खाली येतात. तिथली भाषा वेगळी आहे, पण दुसऱ्याच्या जागेवर पूल बांधणाऱ्या ठेकेदाराचं गणित बहुतेक असंच चालतं. या लेखात मी लहान आणि मध्यम ठेकेदाराला लागू असणारं लेखा मानक ७ समोर ठेवलं आहे. स्वतः जमीन घेऊन फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरचे नियम निराळे आहेत, त्यांची यात सरमिसळ करू नये.

टक्केवारी काढायचे तीन मार्ग मानकात सांगितले आहेत. आजवरचा खर्च भागिले एकूण अंदाजित खर्च हा पहिला, झालेल्या कामाची मोजणी हा दुसरा, आणि कामाचा कोणता भौतिक हिस्सा पुरा झाला हे पाहणं हा तिसरा. आपल्याकडे पहिलाच सर्वाधिक चालतो, कारण खर्चाचे आकडे हाताशी असतात. मानकाने एक गोष्ट मात्र स्पष्ट बजावली आहे: मिळालेल्या हप्त्यांवरून किंवा उचलीवरून काम किती झालं हे कळेलच असं नाही. ठोक रकमेच्या ठेक्यात तर टप्प्यांचे दर ठरवतानाच पायाला जास्त आणि शेवटच्या कामांना कमी रक्कम लावून घेतलेली असते. त्या वेळापत्रकावर टक्केवारी बेतली की नफा आपोआप आधीच्या वर्षांत ओढला जातो.

आता एक काम डोळ्यांसमोर धरू. आकडे उदाहरणासाठी सोपे घेतले आहेत. कोकणातल्या एका नदीवरचा पूल, ठेका ठोक रकमेचा, जीएसटी वगळून १० कोटींचा. निविदा भरताना ठेकेदाराने एकूण खर्च ९ कोटी धरला होता, म्हणजे अपेक्षित नफा १ कोटी. खात्याने ५० लाख मोबिलायझेशन अॅडव्हान्स दिला.

पहिला मार्च: वरचा आकडा साफ करा

३१ मार्च २०२३ ला या कामाच्या खात्यावर २ कोटी २५ लाख खर्च पडलेला दिसतो. ९ कोटींपैकी २.२५ कोटी म्हणजे २५ टक्के काम झालं, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. टक्केवारीत धरायचा खर्च म्हणजे झालेल्या कामाचा खर्च. साइटवर येऊन पडलेल्या मालाने काम पुढे सरकत नाही.

त्या दिवशी साइटवर ५० टन सळई रचून ठेवलेली होती. टनाला ६० हजार धरले तर ३० लाखांचा माल झाला. दर वाढतील म्हणून ठेकेदाराने फेब्रुवारीत गाडी भरून आणलेली ही सळई पुलाच्या कोणत्याही भागात गेलेली नव्हती. शिवाय पायलिंगच्या सब-कॉन्ट्रॅक्टरला १५ लाख उचल दिली होती, तिच्यापोटीचं काम एप्रिलनंतर व्हायचं होतं. हे दोन्ही आकडे वरून काढले की झालेल्या कामाचा खर्च उरतो १ कोटी ८० लाख. ९ कोटींशी त्याचं प्रमाण २० टक्के.

मग पहिल्या वर्षाचं उत्पन्न १० कोटींच्या २० टक्के, म्हणजे २ कोटी. त्यातून १ कोटी ८० लाख खर्च वजा जाता नफा २० लाख. २५ टक्के धरले असते तर तो २५ लाख दिसला असता. नुसती सळई विकत घेऊन कोणाला नफा होत नाही, त्यामुळे हे वरचे ५ लाख निव्वळ हवेतले होते. ३० लाखांची सळई आणि १५ लाखांची उचल कुठे नाहीशी होत नाहीत, ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला थांबतात.

मालाच्या या नियमाला एक अपवाद आहे आणि पुलाच्या कामात तो हटकून येतो. खास याच कामासाठी घडवलेला माल, उदाहरणार्थ या पुलाच्या आराखड्याप्रमाणे बनवून घेतलेल्या बेअरिंग किंवा पोलादी गर्डर, जागेवर बसला नसला तरी मोजता येतो. सळई आणि सिमेंट उद्या दुसऱ्या साइटवर नेता येतं, म्हणून त्यांना ही सवलत नाही.

सळई किती उरली हे खरेदीच्या बिलांवरून कळत नाही. मोजदाद करावी लागते, आणि ती ३१ मार्चलाच, एप्रिलच्या मध्यावर आठवेल तशी नव्हे. सोबत एक पडताळा घ्यावा: बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे आजवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये किती टन सळई गेली ते काढायचं, त्यात नेहमीची तूट मिळवायची आणि एकूण आलेल्या मालातून वजा करायची. हा आकडा आणि ढिगाची मोजणी यांत फार अंतर असेल तर एक तर माल दुसऱ्या साइटवर गेला आहे, नाही तर खर्च चुकीच्या कामावर पडला आहे.

आणखी काही खर्च या कामाच्या खात्यावर येताच कामा नयेत. मुख्य कार्यालयाचा सर्वसाधारण खर्च ठेक्यात वसुलीची अट नसेल तर बाहेर. विक्रीचा खर्च बाहेर. यार्डात रिकाम्या उभ्या असलेल्या, या कामावर न चाललेल्या क्रेनचा घसाराही बाहेर. साइट इंजिनिअरचा पगार, कामावर असलेल्या यंत्रांचा घसारा, यंत्रसामग्री ने-आण करण्याचा खर्च मात्र आत.

आता बिलाकडे वळू. पहिल्या वर्षात १ कोटी ६० लाखांची आर.ए. बिलं मंजूर झाली. उत्पन्न आपण २ कोटी धरलं आहे. हे ४० लाखांचं अंतर म्हणजे काम झालं पण बिल व्हायचं आहे अशी रक्कम, ती ताळेबंदात ग्राहकाकडून येणं म्हणून दिसते. बिलातून ५ टक्क्यांनी कापून ठेवलेले ८ लाख अनामतीचे असले तरी उत्पन्नाचाच भाग आहेत. मोबिलायझेशन अॅडव्हान्सचे ५० लाख मात्र एका पैशानेही उत्पन्न नाहीत, ते देणं आहे आणि पुढच्या बिलांतून ते कापलं जाणार आहे.

इथेच फॉर्म २६एएस पाहून लोक गोंधळतात. कलम १९४सी खाली टीडीएस बिल जमा केल्यावर किंवा पैसे दिल्यावर, जे आधी होईल तेव्हा कापला जातो. त्यामुळे अॅडव्हान्सवरही कपात होते. २६एएसमध्ये १.६० कोटी आणि ५० लाख मिळून २ कोटी १० लाख दिसतात, पुस्तकात उत्पन्न २ कोटी. हे दोन आकडे जुळवायला उत्पन्न बदलायचं नसतं. फरकाचा तक्ता करून फाइलला लावायचा आणि जे उत्पन्न अजून धरलेलं नाही त्याच्या टीडीएसचं श्रेय ते उत्पन्न करपात्र होईल त्या वर्षासाठी पुढे न्यायचं.

दुसरा मार्च: खालचा आकडा पुन्हा मांडा

वरचा आकडा साफ करणं कष्टाचं असलं तरी त्यात शंकेला जागा कमी. खरा प्रश्न छेदाचा, म्हणजे एकूण अंदाजित खर्चाचा. माझं ठाम मत आहे की या पद्धतीतल्या बहुतेक चुका इथेच होतात, कारण निविदा भरताना धरलेले ९ कोटी तीन वर्षं तसेच पुढे ओढले जातात. ते बदलायचे असतात ही जाणीवच अनेक कार्यालयांत नसते. हिशेब बघणाऱ्याकडे निविदेची फाइल असते आणि साइटवर काय घडलं हे ज्याला माहीत आहे त्याला कोणी विचारत नाही.

मार्च २०२४ मध्ये विचारलं तर संवाद साधारण असा होतो.

“सर, पायल किती मीटरला थांबले?”

“कागदावर सरासरी अठरा होते. खडक बाविसाला लागला. सोळाही पायल चार-चार मीटर जास्त गेले.”

“मग पावसाआधी झाले का?”

“कुठले? तिथेच हंगाम गेला. नदीतलं काम जूनला बंद झालं ते थेट ऑक्टोबरला उघडलं. आता सगळं मिळून सहा महिने पुढे.”

एवढ्या उत्तरात दोन वेगळे खर्च आहेत. ६४ मीटर जादा पायल, मीटरला ४० हजारांप्रमाणे सुमारे २६ लाख. हा लगेच लक्षात येतो, कारण सब-कॉन्ट्रॅक्टरचं बिल समोर असतं. दुसरा सहज निसटतो: सहा महिने जास्त चालणारी साइट. इंजिनिअर, सुपरवायझर, रखवालदार, कॅम्प, जनरेटर, भाड्याची यंत्रं मिळून महिन्याला ४ लाख धरले तर २४ लाख. एकूण अंदाजित खर्च झाला ९ कोटी ५० लाख, आणि संपूर्ण कामाचा अपेक्षित नफा १ कोटीवरून ५० लाखांवर आला.

नवा अंदाज जुन्या अंदाजात थोडी भर घालून करू नये. आजवरचा खर्च पक्का, त्यात उरलेल्या कामाचा खर्च नव्याने मांडायचा. किती गर्डर राहिले, डेक स्लॅबचे किती भाग राहिले, जोडरस्त्याची भर किती. या परिमाणांना आजचे दर लावायचे, निविदेच्या वेळचे नव्हे. सब-कॉन्ट्रॅक्टरना दिलेल्या वर्क ऑर्डरपैकी किती बाकी आहे ते त्यांच्याच करारातून घ्यायचं. मग उरलेले महिने गुणिले साइटचा मासिक खर्च, शेवटी यंत्रसामग्री परत नेण्याचा खर्च आणि दोषदायित्वाच्या काळात होणाऱ्या दुरुस्तीची अंदाजित रक्कम. हा कागद साइट इंजिनिअरच्या सहीने आणि तारखेने फाइलला असावा. लेखापरीक्षक सगळ्यात आधी तोच मागतो, आणि मागत नसेल तर त्याने मागायला हवा.

३१ मार्च २०२४ पर्यंत झालेल्या कामाचा खर्च ५ कोटी ७० लाख आहे. भागिले ९ कोटी ५० लाख, म्हणजे ६० टक्के. आजवरचं एकूण उत्पन्न ६ कोटी, आजवरचा एकूण नफा ३० लाख. पहिल्या वर्षी २० लाख धरून झाले आहेत, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला १० लाख. उत्पन्न ४ कोटी, खर्च ३ कोटी ९० लाख.

पहिल्या वर्षी २० टक्के कामावर २० लाख आणि दुसऱ्या वर्षी ४० टक्के कामावर अवघे १० लाख, हे पाहून मालक चिडतो. पण हिशेब बरोबर आहे. नव्या अंदाजाने पाहिलं तर पहिल्या वर्षाच्या कामात जेमतेम साडेनऊ लाखांचाच नफा होता. तिथे जास्त धरलेले सुमारे साडेदहा लाख दुसऱ्या वर्षाने परत केले. मागच्या वर्षीचा ताळेबंद उघडून दुरुस्त करायचा नसतो, कारण त्या वेळच्या माहितीवर तो बरोबर होता. अंदाज बदलला की त्याचा सगळा परिणाम, मागच्या वर्षांच्या वाट्याचासुद्धा, ज्या वर्षी बदल कळला त्या वर्षात येतो. म्हणूनच गणित नेहमी आरंभापासून आजवरचं करायचं आणि आधी धरलेलं वजा करायचं. फक्त चालू वर्षाचा खर्च घेऊन चालू वर्षाची टक्केवारी काढली की ही दुरुस्ती होतच नाही.

जादा पायलसाठी ठेकेदाराने खात्याकडे ४० लाखांचा दावा केला आहे. कार्यकारी अभियंत्यांनी तो वरच्या कार्यालयाकडे पाठवला, मंजुरी आलेली नाही. हे ४० लाख १० कोटींत मिळवून १०.४० कोटी धरायचे का? इथे माझा सल्ला कठोर आहे: नाही. दावा उत्पन्नात यायचा तर बोलणी इतकी पुढे गेलेली हवीत की ग्राहक तो मान्य करण्याचा संभव दिसतो, आणि किती मान्य करेल हेही विश्वासाने सांगता यायला हवं. प्रस्ताव टेबलावर असणं म्हणजे मान्यता नव्हे. ग्राहकाने स्वतः सांगून करवून घेतलेलं वाढीव काम वेगळं. तिथे लेखी आदेश आहे, दर ठरला आहे, तर अंतिम मंजुरी बाकी असली तरी ते धरण्याला आधार असतो. दाव्याच्या बाजूने मात्र फक्त ठेकेदाराचं पत्र असतं. गंमत अशी की दाव्यामागचा खर्च मात्र आजच संपूर्ण धरावा लागतो. ते अन्याय्य वाटतं, पण खर्च झालेला आहे आणि पैसे यायचे आहेत, यातला फरक हिशेबात दिसलाच पाहिजे.

दोन टक्केवाऱ्या एकमेकांशी ताडून पाहणं हा दुसऱ्या मार्चचा सगळ्यात उपयोगी पडताळा. खर्चावरून ६० टक्के आले, आणि इंजिनिअर नदीकडे पाहून म्हणतो आहे की काम निम्म्याच्या आतच आहे. तर अंतर कुठून आलं ते शोधा. कदाचित एका पिअर कॅपच्या काँक्रीटची चाचणी नापास होऊन ती फोडून पुन्हा ओतावी लागली असेल. दोनदा ओतलेल्या काँक्रीटचा खर्च दोनदा पडला, पण कॅप एकच उभी राहिली. असा वाया गेलेला खर्च टक्केवारीतून बाहेर काढून त्या वर्षाच्या नफ्यातून सरळ वजा करावा. तसं केलं नाही तर चूक करणाऱ्या ठेकेदाराची प्रगती चूक न करणाऱ्यापेक्षा जास्त दिसेल.

तोटा दिसला तर थांबू नका

समजा त्याच मार्चमध्ये साइटवरून आलेला नवा अंदाज ९.५० ऐवजी १० कोटी ३० लाखांचा होता. आता १० कोटींच्या ठेक्यात ३० लाख तोटा आहे. झालेल्या कामाचा खर्च ६ कोटी १८ लाख, म्हणजे प्रगती तीच ६० टक्के, उत्पन्न ६ कोटी. आजवरच्या कामावरचा तोटा १८ लाख झाला. उरलेल्या कामातले १२ लाख पुढच्या वर्षी होतील, म्हणून पुढच्या वर्षी दाखवू, असं चालत नाही. एकूण खर्च एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होण्याचा संभव दिसला की संपूर्ण तोटा त्याच वर्षी धरायचा. काम किती टक्के झालं, किंवा सुरू तरी झालं का, याचा इथे संबंध नाही. नफा टप्प्याटप्प्याने, तोटा एकदम.

याचा फटका मोठा असतो. ३० लाखांचा तोटा आणि पहिल्या वर्षी धरलेला २० लाखांचा नफा परत, मिळून दुसऱ्या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकाला ५० लाख लागतात. ३८ लाख नेहमीच्या हिशेबात आणि १२ लाख तरतूद म्हणून. मार्चमध्ये साइटवरून खरा अंदाज यायला उशीर का होतो, हे या आकड्यावरून समजतं. बँकेला काय सांगायचं या काळजीने छेद मुद्दाम कमी ठेवला जातो. मग शेवटच्या वर्षी सगळं एकदम बाहेर येतं, तेव्हा सावरायला वेळ उरलेला नसतो.

प्राप्तिकराचा नियम इथे वेगळी वाट धरतो. आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून आयसीडीएस ३ लागू आहे. काही तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द केल्या. त्यानंतर वित्त कायदा २०१८ ने कलम ४३सीबी पूर्वलक्षी प्रभावाने आणून पूर्णत्वाची टक्केवारी थेट कायद्यातच घातली. अनामत रक्कम ठेक्याच्या उत्पन्नात येते, हेही त्याच कलमाने पक्कं केलं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो, कलमांचे क्रमांक बदलतात, तेवढं जुनी टिपणं वापरताना लक्षात ठेवावं. आपल्या उदाहरणाची तिन्ही वर्षं जुन्या कायद्याखालचीच आहेत.

अपेक्षित तोट्याची तरतूद करासाठी चालत नाही. वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी पुस्तकात ५० लाख तोटा, पण करासाठी ३८ लाखच. १२ लाखांची वजावट काम पुढे सरकेल तशी मिळते. हा फरक विवरणपत्राच्या गणनेत करायचा, पुस्तकं त्यासाठी बदलायची नाहीत.

सुरुवातीच्या टप्प्याची सवलतही इथे आहे. अंतिम निकालाचा विश्वासार्ह अंदाज येत नसेल तर आयसीडीएस खर्चाइतकंच उत्पन्न धरायला, म्हणजे नफा शून्य ठेवायला मुभा देतो, पण ही मुभा २५ टक्क्यांच्या पुढे नाही. आपलं काम पहिल्या मार्चला २० टक्क्यांवर होतं. सळई आणि उचल आत राहिली असती तर ते बरोबर २५ वर जाऊन टेकलं असतं. तरी २० टक्के आहे म्हणून आपोआप शून्य नफा, असा अर्थ काढू नये. पुस्तकात २० लाख नफा दाखवायचा, म्हणजे अंदाज विश्वासार्ह होता असं म्हणायचं, आणि विवरणपत्रात अंदाजच येत नव्हता म्हणून शून्य लिहायचं, ही दोन विधानं एकत्र टिकवणं कठीण आहे. खरोखरच अंदाज येत नसेल, पायाची तपासणीच अपुरी असेल, तर पुस्तकातही खर्चाइतकंच उत्पन्न धरावं. लेखा मानक ७ तेच सांगतं, फक्त खर्च वसूल होण्याची शक्यता असली पाहिजे. मानकात २५ टक्क्यांची मर्यादा नाही.

तिसरा मार्च

मूळ उदाहरणाकडे परत येऊ. २०२४-२५ मध्ये पूल पुरा झाला. एकूण खर्च ९ कोटी ६० लाखांवर थांबला. दाव्यापैकी ३० लाख मंजूर झाले, म्हणून अंतिम उत्पन्न १० कोटी ३० लाख आणि एकूण नफा ७० लाख. तिसऱ्या वर्षाचं उत्पन्न ४ कोटी ३० लाख, खर्च ३ कोटी ९० लाख, नफा ४० लाख. तिन्ही वर्षांचे २०, १० आणि ४० मिळून ७० लाख होतात. तुमचं गणित शेवटी असं जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर कुठे तरी एखाद्या वर्षी आरंभापासूनचा आकडा सोडून नुसत्या त्या वर्षाचा आकडा वापरला आहे.

तिसऱ्या वर्षी नफा फुगलेला दिसतो तो मंजूर दाव्यामुळे. बँकेला किंवा भागीदाराला हे एका ओळीत सांगून ठेवावं, नाही तर पुढच्या निविदेत मालक याच वर्षाचा नफ्याचा दर धरून बसतो.

स्वतःच्या पुस्तकांत गडबड आहे का हे ओळखायला फार खोल जावं लागत नाही. एकाच कामाचा नफ्याचा दर दोन-तीन वर्षं दशांशापर्यंत सारखा राहिला, तर छेदाला कोणी हात लावलेला नाही असं समजावं, कारण नदीतलं काम इतकं सरळ जात नाही. बिल व्हायच्या रकमेचा आकडा दर मार्चला वाढतोच आहे आणि मागच्या वर्षीच्या रकमेपोटी नंतरच्या सहा महिन्यांतही बिल निघालेलं नाही, तर ती रक्कम बहुधा येणं नाही, जास्त धरलेली प्रगती आहे. पहिली दोन वर्षं गोड आणि शेवटचं वर्ष एकदम तोट्यात, असं दोन-तीन कामांत झालं, तर दोष त्या कामांचा नाही, अंदाज करण्याच्या पद्धतीचा आहे.

काम संपलं तरी या कामाची फाइल बंद करू नका. अनामतीची रक्कम खात्याकडेच आहे, दोषदायित्वाचा काळ चालू आहे आणि एकूण खर्चात त्यापोटी धरलेली रक्कम अजून वापरली गेलेली नाही. पावसाळ्यानंतर एक्स्पान्शन जॉइंट उखडला, जोडरस्ता खचला, तर तो खर्च आधी या तरतुदीतून जातो, त्या वर्षाच्या दुसऱ्या कामाच्या खात्यावर पडत नाही. मुदत संपून अनामत हाती आली की उरलेली तरतूद त्या वर्षाच्या उत्पन्नात परत घ्यायची, आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत, तिन्ही मार्चच्या अंदाजांचे कागद आणि ढिगाच्या मोजणीची पत्रकं एकत्र बांधून पुढच्या पुलाची निविदा भरणाऱ्याच्या हातात द्यायची.